ध्वनिमुद्रित शेतकरी प्रशिक्षणाचा कृतियोग्य सारांश : नाशिकच्या उन्हाळ कांद्याच्या आधारे एक आढावा

नाशिक जिल्ह्यात शेतकरी प्रशिक्षणाची परंपरा अनेक वाटांनी चालत आलेली आहे. यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाकडे असलेले कृषी विज्ञान केंद्र, चितेगाव फाट्यावरील राष्ट्रीय बागवानी संशोधन व विकास प्रतिष्ठान, पिंपळगाव बसवंत येथील कांदा संशोधन केंद्र, द्राक्ष बागाईतदार संघाची चर्चासत्रे आणि कृषी विभागाच्या शेतीशाळा या सर्व ठिकाणी हंगामाच्या तोंडावर तज्ज्ञ बोलतात व शेतकरी प्रश्न विचारतात. अलीकडे हे बोलणे ध्वनिमुद्रित वा चित्रमुद्रित होऊन शेतकऱ्यांच्या भ्रमणध्वनीवर पोहोचते. परंतु दीड-दोन तासांचे मुद्रण रोपवाटिकेच्या बांधावर उभे राहून ऐकता येत नाही, आणि त्यातील नेमका आकडा गरजेच्या क्षणी सापडत नाही. म्हणून त्याचा सारांश काढला जातो. असा सारांश काढताना काय ठेवावे, काय गाळावे आणि गाळलेल्या एखाद्या शब्दाने शेतात काय बिघडते, हा प्रस्तुत आढाव्याचा विषय आहे. विवेचनासाठी नाशिकचे हुकमी पीक असलेला उन्हाळ कांदा, म्हणजे रब्बी हंगामात लावून एप्रिल-मे महिन्यांत काढला जाणारा कांदा, घेतला आहे. ज्या सत्राचा दाखला पुढे येतो ते प्रातिनिधिक असून अशा सत्रांत सामान्यतः दिल्या जाणाऱ्या शिफारशींवरून मांडलेले आहे.

तज्ज्ञाचे ज्ञान संक्षिप्त करून शेतापर्यंत नेण्याचा प्रयत्न जुना आहे. विसाव्या शतकाच्या सत्तरच्या दशकापासून जागतिक बँकेच्या साहाय्याने राबवल्या गेलेल्या ‘प्रशिक्षण व भेट’ पद्धतीत विषयतज्ज्ञ ग्रामपातळीवरील कार्यकर्त्याला ठरावीक अंतराने मोजके संदेश देत असे, तो कार्यकर्ता ते संपर्क शेतकऱ्याला सांगे, आणि संपर्क शेतकऱ्याने ते इतरांना सांगावेत अशी अपेक्षा असे. प्रत्येक टप्प्यावर संदेश आखूड होई आणि आखूड होताना आकडा टिकून त्याची अट गळून पडे, ही त्या साखळीची अंगभूत मर्यादा होती. १९८९ मध्ये इंडोनेशियात भातपिकावर सुरू झालेल्या शेतीशाळेने याला वेगळे उत्तर शोधले. तेथे तयार संदेश देण्याऐवजी शेतकऱ्यांचा गट ठरावीक दिवशी एकाच शेतात उतरतो, किडी व मित्रकीटक मोजतो आणि फवारणी करायची की नाही हे स्वतः ठरवतो. भारतात ‘डिजिटल ग्रीन’ या संस्थेने २००८ पासून स्थानिक शेतकऱ्यांच्याच चित्रफिती छोट्या गटांत दाखवण्याची पद्धत रुजवली, आणि तिच्या कामातून एक उपयुक्त गोष्ट पुढे आली. चित्रफीत मध्येच थांबवून प्रश्न विचारणारा आणि नंतर शेतात जाऊन पाहणारा माणूस सोबत असेल, तरच चित्रफितीचा परिणाम टिकतो.

या तिन्ही प्रवाहांतून एक निष्कर्ष निघतो. पेरणी, फवारणी आणि नोंद या तीन विषयांचे ज्ञान एकाच जातीचे नाही, त्यामुळे त्यांचा सारांश एकाच साच्यात बसवता येत नाही. पेरणीची माहिती बहुतांशी आधीच ठरवता येते, म्हणून ती आज्ञार्थी पायऱ्यांत लिहिता येते. फवारणीचा निर्णय शेतात काय दिसते यावर अवलंबून असतो, म्हणून तिथे ‘असे दिसले तर असे करावे’ अशी सशर्त रचना अपरिहार्य ठरते. नोंदीचा सारांश तर वाक्यांत लिहूच नये, तो रिकाम्या रकान्यांच्या रूपात द्यावा. प्रचलित सारांशांमधील बहुतेक दोष हे तिन्ही विषय ‘महत्त्वाचे मुद्दे’ या एकाच शीर्षकाखाली कोंबल्याने निर्माण होतात.

पेरणी : आकडा आणि त्याचे क्षेत्र

कांद्याच्या सत्रात पहिला आकडा बियाण्याचा येतो, आणि पहिली चूकही तिथेच होते. संशोधन संस्थांच्या शिफारशी हेक्टरी असतात, तर नाशिकचा शेतकरी एकरात आणि गुंठ्यात विचार करतो. राजगुरुनगर येथील कांदा व लसूण संशोधन संचालनालयाच्या शिफारशीनुसार एक हेक्टर लागवडीसाठी ५ ते ७ किलो बियाणे आणि सुमारे ०.०५ हेक्टर रोपवाटिका पुरते. राज्यात हेक्टरी ८ ते १० किलो बियाण्याची शिफारसही प्रचलित आहे. एकराच्या हिशेबात पहिली शिफारस सुमारे २ ते २.८ किलो बियाणे व २ गुंठे रोपवाटिका अशी होते, तर दुसरी ३.२ ते ४ किलो अशी. सारांशात ‘बियाणे ८ ते १० किलो’ एवढेच लिहिले गेले आणि वाचणाऱ्याने ते एकरी समजून तेवढ्याच वाफ्यांत टाकले, तर वाफ्यात अडीच पट दाटी होते. रोपे उंच पण सुतासारखी बारीक निघतात, बुंध्याशी हवा खेळत नाही आणि रोप कोलमडणारा मर रोग टापूटापूने पसरतो. शेतकऱ्याच्या दृष्टीने मात्र दोष बियाण्याचा ठरतो.

सारांश लिहिणाऱ्याला असा आकडा स्वतः पडताळता येतो. १५ × १० सेंटिमीटर अंतरावर एका एकरात हिशेबाने सुमारे २ लाख ७० हजार रोपे बसतात, आणि एक किलो कांदा बियाण्यात साधारणपणे अडीच ते सव्वातीन लाख बिया असतात. म्हणजे प्रत्येक बी उगवून प्रत्येक रोप लागले असते, तर एक किलोच्या आसपास बियाणे पुरले असते. त्यापेक्षा जास्तीचे प्रमाण उगवणीतील घट, वाफ्यातील मर आणि लावताना टाकून द्यावी लागणारी कमजोर रोपे यांसाठी धरलेले असते. बियाणे प्रमाणीकरणात कांद्याची किमान उगवण ७० टक्के मानली आहे आणि कांद्याचे बियाणे साठवणीत लवकर जीव सोडते. त्यामुळे ‘एकरी अमुक किलो’ या वाक्याला ‘नव्या हंगामाचे आणि उगवण तपासलेले बियाणे असेल तर’ ही अट जोडलेली असते. तज्ज्ञ ही अट बोलताना बहुधा आकड्याच्या शेजारी सांगत नाहीत, ती प्रश्नोत्तरात, कोणी घरच्या जुन्या बियाण्याविषयी विचारल्यावर, बाहेर येते. प्रश्नोत्तरांचा भाग गाळून केवळ व्याख्यानाचा सारांश काढण्याची सवय म्हणूनच घातक आहे.

उरलेला भाग तुलनेने सरळ आहे. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, एक ते सव्वा मीटर रुंद आणि दहा ते पंधरा सेंटिमीटर उंच गादीवाफ्यावर, प्रक्रिया केलेले बी ओळीत, एक ते दीड सेंटिमीटर खोल टाकावे आणि पन्नास ते पंचावन्न दिवसांची रोपे लावावीत, अशा पायऱ्या क्रमाने लिहिता येतात. येथे एकच दक्षता हवी. रोपाचे वय हंगामाप्रमाणे बदलते आणि खरिपाचे रोप पस्तीस ते चाळीस दिवसांतच लावणीला येते. तज्ज्ञ तिन्ही हंगामांची तुलना करत बोलत असतील, तर ऐकणाऱ्याकडून खरिपाचा आकडा उन्हाळ कांद्याला चिकटण्याचा धोका असतो, म्हणून प्रत्येक दिवसगणतीपुढे हंगामाचे नाव लिहिलेच पाहिजे. ध्वनिमुद्रणात ‘दीड’, ‘अडीच’, ‘पावणेदोन’ असे अपूर्णांकदर्शक शब्द घाईत उच्चारले जातात आणि ‘अडीच’ व ‘अडीचशे’ यांतील फरक खोकल्यात किंवा टाळ्यांत बुडू शकतो. असे शब्द अंकांत उतरवताना तो भाग पुन्हा ऐकावा आणि मुद्रणातील वेळ समासात टिपून ठेवावी, म्हणजे शंका आल्यास तो क्षण परत गाठता येतो.

फवारणी : औषधाच्या नावामागील चार प्रश्न

फवारणीच्या सारांशात सर्वाधिक काळजी लागते, कारण येथे एक शब्द गळाल्याने पीक, पैसा आणि प्रकृती या तिन्हींना बाधा पोहोचते. कांद्यावरील दोन नेहमीचे उपद्रव म्हणजे पातीच्या बेचक्यात लपून रस शोषणारे फुलकिडे आणि पातीवर जांभळट, मध्यभागी गडद चट्टे पाडणारा जांभळा करपा. फुलकिड्यांसाठी फिप्रोनिल प्रतिलिटर एक मिलि आणि करप्यासाठी मँकोझेब प्रतिलिटर अडीच ग्रॅम, अशी वाक्ये अनेक सत्रांत ऐकू येतात. या वाक्यांना कृतीत आणण्यापूर्वी चार प्रश्नांची उत्तरे मिळायला हवीत, आणि तीच सारांशात बहुधा नसतात.

पहिला प्रश्न औषधाच्या तीव्रतेचा आहे. एकच कीटकनाशक बाजारात वेगवेगळ्या तीव्रतेच्या स्वरूपांत मिळते. फिप्रोनिल ५ टक्के तीव्रतेचे द्रवरूप मिळते, तसेच ८० टक्के तीव्रतेचे पाण्यात विरघळणारे दाणेदार स्वरूपही मिळते. प्रतिलिटर एक मिलि हे प्रमाण ५ टक्क्यांच्या द्रवासाठी आहे. ‘फिप्रोनिल, लिटरला एक’ एवढेच टिपून कोणी ८० टक्क्यांचे दाणे लिटरला एक ग्रॅम घातले, तर मूळ घटक सोळा पट जातो. म्हणून औषधाचे नाव तीव्रतेच्या टक्केवारीशिवाय लिहिणे हे औषधाचे नाव न लिहिण्यापेक्षाही वाईट ठरते. व्यापारी नाव आणि मूळ घटकाचे नाव दोन्ही लिहावीत, कारण दुकानात पहिले चालते आणि लेबलावर दुसरे शोधावे लागते. त्या औषधाच्या लेबलावर कांदा या पिकाचा उल्लेख आहे की नाही, म्हणजे शेतकरी ज्याला ‘लेबल क्लेम’ म्हणतात ते आहे की नाही, हेही त्याच ओळीत यावे.

दुसरा प्रश्न पंपाचा आहे. शेतकऱ्याच्या बोलण्यातील परिमाण लिटर नसून पंप असते आणि तज्ज्ञही संवाद सुलभ व्हावा म्हणून ‘पंपाला ५० ग्रॅम’ असे सांगतात. परंतु पाठीवरचा पंप १५, १६ किंवा २० लिटरचा असू शकतो. मँकोझेबचे ५० ग्रॅम हे प्रमाण २० लिटरच्या पंपाला बरोबर आहे, पण १५ लिटरच्या पंपात तेवढेच टाकले तर प्रमाण लिटरला ३.३ ग्रॅम, म्हणजे एक तृतीयांशाने जास्त होते, कारण तेथे ३७.५ ग्रॅमच हवे. दुसऱ्या टोकाला पाण्याच्या प्रमाणाचा घोळ असतो. हेक्टरी ५०० लिटर पाणी म्हणजे एकरी २०० लिटर, म्हणजे २० लिटरचे दहा पंप. घाईत सहाच पंपांत एकर उरकला, तर लिटरचे प्रमाण अचूक असूनही एकरी ५०० ग्रॅमऐवजी ३०० ग्रॅमच औषध पडते आणि बेचक्यातील फुलकिड्यांपर्यंत द्रावण पोहोचत नाही. मग ‘औषध लागू पडले नाही’ असा निष्कर्ष निघून अधिक जहाल औषधाकडे वळले जाते. चांगला सारांश म्हणून प्रतिलिटर प्रमाण, एकरी पाणी आणि एकरी एकूण औषध हे तिन्ही आकडे एकत्र देतो, म्हणजे एक चुकला तर दुसऱ्या दोहोंवरून लक्षात येतो. बाटलीचे ‘झाकण’ हे परिमाण सारांशात कधीच येऊ नये, कारण प्रत्येक बाटलीचे झाकण वेगळ्या मापाचे असते.

तिसरा प्रश्न फवारणी केव्हा करायची हा आहे, आणि शेतीशाळेने दिलेली शिकवण येथे सर्वाधिक उपयोगी पडते. ज्या संख्येच्या पुढे किडीचे नुकसान फवारणीच्या खर्चापेक्षा जास्त होऊ लागते, त्या संख्येस आर्थिक नुकसानीची पातळी म्हणतात. कांद्यावरील फुलकिड्यांसाठी ती झाडामागे सरासरी ३० फुलकिडे अशी सांगितली जाते. तज्ज्ञ ही पातळी सांगतात, नंतर ‘गरज भासल्यास दहा ते पंधरा दिवसांनी पुन्हा’ असे म्हणतात, आणि सारांशात उरते ते केवळ ‘दर पंधरा दिवसांनी फवारणी’. निरीक्षणावर आधारलेली शिफारस अशा रीतीने वेळापत्रकात बदलते. त्याऐवजी असे लिहिता येते : शेताच्या वेगवेगळ्या भागांतील दहा-वीस झाडांच्या आतल्या पानांची बेचकी उघडून फुलकिडे मोजावेत, सरासरी काढावी, ती ३० च्या खाली असल्यास फवारणी न करता तीन-चार दिवसांनी पुन्हा मोजावे, वर असल्यास फवारणी करावी आणि पुढची फवारणी लागलीच तर वेगळ्या गटातील औषधाने करावी. हे लिखाण मूळ वाक्यापेक्षा लांब आहे, आणि ते लांबच राहिले पाहिजे.

चौथा प्रश्न सुरक्षिततेचा आहे. हातमोजे, तोंडावरचे आवरण, वाऱ्याची दिशा, फवारणीनंतरची अंघोळ या सूचना ‘सर्वांना माहीत असलेल्या’ म्हणून सर्वप्रथम कापल्या जातात. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना झालेल्या विषबाधेत वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले. फवारणी करणारा माणूस अनेकदा प्रशिक्षणाला आलेला नसतो, तो मजूर असतो आणि त्याच्या हाती सारांशच पडतो. त्यामुळे या दोन-तीन ओळी प्रमाणाच्या शेजारीच असाव्यात, कागदाच्या तळाशी बारीक अक्षरांत नसाव्यात.

मुद्रणाची एक मर्यादाही येथे नोंदवली पाहिजे. सत्रात तज्ज्ञ रोगट पात हातात धरून ‘हे असे दिसले की करपा समजायचा’ असे म्हणतात. आवाजात ‘हे असे’ एवढेच उरते. चित्रमुद्रण असेल तर त्या क्षणाचे चित्र सारांशात घ्यावे, आणि नुसता आवाज असेल तर चट्ट्याचा रंग, आकार, त्याभोवतीचे वलय व पातीवरील जागा वक्त्यालाच विचारून शब्दांत लिहून घ्यावी. अंदाजाने भरलेले वर्णन जांभळ्या करप्याला तपकिरी करपा बनवू शकते.

नोंद : सारांशाचा तो भाग जो शेतकरी पूर्ण करतो

नाशिकमध्ये फवारणीच्या नोंदीचे मोल द्राक्षाने शिकवले. युरोपात जाणाऱ्या द्राक्षांसाठी अपेडाने २००६ मध्ये ‘ग्रेपनेट’ ही माग काढण्याची व्यवस्था सुरू केली, ज्यात नोंदणीकृत बागेपासून प्रयोगशाळेच्या अहवालापर्यंत प्रत्येक मालाचा मागोवा घेता येतो. तरीही २०१० च्या हंगामात क्लोरमेक्वाट क्लोराइड या वाढनियंत्रकाचे अंश युरोपीय मर्यादेपेक्षा जास्त आढळल्याने भारतीय द्राक्षांचा माल अडकला आणि नाशिकच्या उत्पादकांना मोठा फटका बसला. हे संजीवक वेलीची फाजील वाढ रोखण्यासाठी छाटणीनंतर वापरले जात असे, त्याची मर्यादा किलोमागे ०.०५ मिलिग्रॅम होती आणि ते त्यावेळच्या तपासणी यादीत नव्हते. काढणीच्या कितीतरी आधी केलेला वापर मालात उमटला, म्हणून नोंद केवळ काढणीजवळच्या फवारण्यांची न ठेवता पूर्ण वर्षाची आणि संजीवकांसकट ठेवावी लागते. कांद्याच्या शेतकऱ्यालाही ही शिस्त उपयोगी पडते.

प्रशिक्षणात नोंदीविषयी बहुधा शेवटच्या पाच मिनिटांत बोलले जाते आणि सारांशात ‘नोंदी ठेवाव्यात’ हे एक वाक्य उरते. त्याऐवजी सारांशालाच रकाने जोडावेत : तारीख, गट क्रमांक किंवा शेताचे घरगुती नाव, फवारणीपूर्वी मोजलेली सरासरी, औषधाचे व्यापारी नाव व तीव्रता, बाटलीवरील बॅच क्रमांक, एकूण औषध, एकूण पाणी, फवारणाऱ्याचे नाव, आणि काढणीची सर्वांत लवकरची तारीख. शेवटचा रकाना काढणीपूर्व प्रतीक्षा कालावधीसाठी, म्हणजे शेवटची फवारणी आणि काढणी यांत जाऊ द्यावयाच्या किमान दिवसांसाठी आहे. शेतकरी त्याला ‘पीएचआय’ म्हणतात. हे दिवस लेबलावरून घेऊन फवारणीच्या दिवशीच पुढची तारीख काढून लिहावी, कारण भाव वधारल्यावर लवकर काढणीचा मोह होतो तेव्हा ती तारीख समोर असणे गरजेचे असते.

हंगामाच्या अखेरीस आठवणीने भरलेली नोंद ओळखू येते. सर्व फवारण्या बरोबर पंधरा दिवसांच्या अंतराने दिसतात, मोजणीचा रकाना रिकामा असतो किंवा प्रत्येक वेळी एकच आकडा असतो, आणि दुकानाच्या बिलांशी मेळ बसत नाही. एका एकरावर मँकोझेबच्या तीन फवारण्या लिहिल्या असतील तर एकरी ५०० ग्रॅमप्रमाणे दीड किलो औषध लागले पाहिजे. बिले एकाच किलोची असतील, तर एक तर फवारणी झाली नाही किंवा प्रमाण कमी पडले. एखाद्या बिलाची तारीख फवारणीच्या तारखेनंतरची असेल तर शंकेला जागाच उरत नाही. हा मेळ शेतकऱ्याने स्वतःच महिन्यातून एकदा घालावा, अशी सूचना सारांशात असल्यास नोंदवही तपासनिसासाठी न राहता त्याच्या स्वतःच्या निर्णयासाठी वापरली जाते. करपा आटोक्यात का आला नाही, याचे उत्तर पुष्कळदा याच मेळात दडलेले असते.

सारांश तयार करण्याची रीतही यावरून ठरते. प्रथम प्रश्नोत्तरे ऐकावीत, मग व्याख्यान, कारण शेतकऱ्यांच्या प्रश्नांवरून कोणत्या आकड्याला कोणती अट हवी हे आधी कळते. प्रत्येक आकडा एकक, हंगाम, तीव्रता आणि मुद्रणातील वेळ यांसह उतरवावा. तयार मसुदा वक्त्याकडे एकदा परत जावा आणि सत्राला न आलेल्या एखाद्या शेतकऱ्याने तो वाचून ‘पंपात नेमके किती टाकायचे’ हे न विचारता सांगून दाखवावे. तो अडखळला तर दोष त्याचा नसून मसुद्याचा समजावा.

शेवटी कागदाच्या माथ्यावर सत्राची तारीख हवी, कारण मुद्रण जसेच्या तसे राहते पण शिफारस बदलते. जुन्या द्राक्षसत्रांत भुरीसाठी सुचवलेले डिनोकॅप तसेच डायकोफॉल व मेथोमिल ही औषधे केंद्र सरकारच्या २०२३ च्या आदेशाने बंद झाली, तरी ती सांगणारी मुद्रणे फिरतच आहेत. पेरणीच्या तारखांचेही तसेच आहे. २०२३ च्या नोव्हेंबरअखेरच्या अवकाळी पावसाने व गारपिटीने जिल्ह्यात कांद्याची रोपे आणि द्राक्षबागा झोडपल्या, तेव्हा आधीच्या सत्रांतील लावणीचे वेळापत्रक निरुपयोगी झाले आणि पुन्हा रोप टाकावे की तयार रोप विकत घ्यावे, हा प्रश्न उभा राहिला. अशा वेळी जुन्या सारांशावर ‘या हंगामात तपासून वापरावा’ असा शेरा मारून त्यातील औषधांची यादी चालू लेबलाशी आणि तारखा त्या वर्षीच्या पावसाशी ताडून घ्याव्या लागतात. हे काम ज्याने सारांश लिहिला त्यानेच करणे सर्वांत सोपे असते, म्हणून लिहिणाऱ्याचे नाव आणि पुढील तपासणीचा महिनाही त्याच ओळीत लिहावा.